साइटवर चुकून कमी किंमत लागली आणि ऑर्डरी आल्या... अनुभव सांगा

मृण्मयी_जो
आज सकाळी मैत्रिणीने एका वस्तूच्या पानाचा फोटो पाठवला. किमतीतलं शेवटचं शून्य गळालेलं, आणि खाली तिचा प्रश्न: "चार घेऊन टाकू का?" ते बघितलं आणि जुन्या नोकरीतली एक रात्र आठवली. तेव्हा मी ऑनलाइन विक्री करणाऱ्या एका कंपनीत ऑर्डर विभागात होते.

सहकाऱ्याने नव्या किमतींची फाइल साइटवर चढवली, पण एक रकाना सरकला होता. किमतीच्या जागी घरपोच पाठवायचा खर्च आला. म्हणजे मोठ्या यंत्राची आणि छोट्या सुट्या भागाची किंमत जवळजवळ सारखीच! रात्री ऑर्डरी धडाधड यायला लागल्या तेव्हा कुठे शंका आली. साहेबांनी लगेच किंमत दुरुस्त केली, तरी जुन्या भावाच्या ऑर्डरी थांबेनात. ज्यांनी वस्तू आधीच कार्टमध्ये टाकून ठेवली होती त्यांना आमच्या साइटवर जुनाच भाव लागत होता. मग मी साठा शून्य केला. तेव्हा नळ बंद झाला.

त्यानंतर ऑर्डरींचे तीन गठ्ठे केले: नुसत्या नोंदलेल्या, पॅक झालेल्या आणि गोदामातून निघालेल्या. गोदामाला फोन करून लेबलं छापणं थांबवलं. खरा वाद झाला तो ग्राहकांना काय कळवायचं यावर. साहेब म्हणाले, "स्टॉक संपला म्हणून कळवा." मी अडून बसले. दुसऱ्या दिवशी तीच वस्तू खऱ्या भावाने साइटवर दिसणारच होती, मग ग्राहकाने काय समजायचं? शेवटी सगळ्यांना एकच मेल गेली: किंमत कोणती चुकली, खरी किती, पैसे पूर्ण परत येतील आणि कधीपर्यंत येतील.

तुम्ही विकणारे असा किंवा घेणारे, असं झालं तेव्हा काय केलंत? लिहा.

निशाचर
मी घेणाऱ्या बाजूला होतो. हेडफोन मागवले, पैसे कापले गेले, दोन दिवसांनी मेल आली: "साठा उपलब्ध नाही." पान उघडलं तर साठा भरपूर, भाव चौपट. किंमत चुकली एवढं सांगितलं असतं तर विषय संपला असता. खोटं बोलले म्हणून परत तिकडे फिरकलो नाही. तुमच्या साहेबांना हे दाखवा.

रेवा_के
पण मुळात रद्द करताच येत नाही ना? साइटवर दाखवली ती किंमत, मी पैसे भरले, मेल आली की करार पक्का. कोडॅकने ब्रिटनमध्ये 2002 साली 329 पौंडांचा कॅमेरा चुकून 100 ला लावला होता. आधी नाही म्हणाले, मग सगळ्यांना त्याच भावाने दिला. लोकांनी धरून ठेवलं म्हणून मिळाला.

सुगरण नाही
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. मी घेतल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याच वस्तूवर सेल लागला!! फरकाचे पैसे परत मागता येतात का? कस्टमर केअरवाली नाही म्हणाली.

मृण्मयी_जो
ताई, ते वेगळं. तिथे दोन्ही दिवशीचे भाव खरेच होते. विक्रेत्याचं तसं धोरण लिहिलेलं असेल तर मिळेल, नाहीतर नाही. वस्तू परत करायची मुदत असेल आणि परत पाठवायचा खर्च पडत नसेल, तर परत करून नव्याने घ्या.

सुगरण नाही
अगं हो की! हे सुचलंच नव्हतं. थँक्यू गं.

काळा कोट
रेवाताई, तुमचं अर्धं बरोबर आहे. मेलमध्ये "ऑर्डर स्वीकारली" असं असेल तर विक्रेत्याची बाजू लंगडी होते, आणि कोडॅकची अडचण तीच होती. शिवाय तिथे किंमत ऑफर म्हणून खपण्यासारखी होती. तिसऱ्या हिश्शाला कॅमेरा ही गोष्ट एखाद्याला खरीच वाटू शकते. पण घेणाऱ्याला चूक कळली होती, हे सिद्ध झालं की चित्र पालटतं.

यावर सिंगापूरचा निकाल वाचण्यासारखा आहे. जानेवारी 2003. लेझर प्रिंटर, खरी किंमत 3,854 सिंगापूर डॉलर. प्रशिक्षण चालू असताना कर्मचाऱ्याने सरावासाठी टाकलेला 66 हा आकडा खऱ्या साइटवर गेला आणि काही दिवस कोणाच्या लक्षातच आला नाही. मग एका रात्री सहा जणांना तो दिसला. एकमेकांना कळवत त्यांनी मिळून 1,606 प्रिंटर मागवले. प्रत्येक ऑर्डरीला यंत्राने आपोआप पक्केपणाची मेलही पाठवली. सकाळी कंपनीला कळलं आणि तिने माल द्यायला नकार दिला. सहाही जण कोर्टात गेले.

रेवाताईंच्या हिशेबाने ते जिंकायला हवे होते. मेल होती, भाव छापलेला होता. पण कोर्टाने त्यांचे रात्रीचे आपापसातले चॅट बघितले. प्रिंटर खरा कितीला मिळतो याचा शोध त्यांनी इंटरनेटवर घेतला होता, मालकाला कळायच्या आत उरका असा सगळा सूर होता. एवढे प्रिंटर घरी वापरायला कोणी घेत नाही, हेही उघड होतं. 2004 मध्ये ते हरले आणि 2005 मध्ये अपिलातही हरले. समोरचा चुकलाय हे माहीत असताना त्या चुकीवर झडप घातली तर करार उभाच राहत नाही, असं कोर्ट म्हणालं.

म्हणून मी घेणाऱ्यांना दोनच गोष्टी विचारतो. किती घेतलेत? आणि घेताना कोणाला काय लिहिलंत?

रेवा_के
हे माहीत नव्हतं. पण मग सामान्य माणसाने ओळखायचं कसं? सेलमध्ये नव्वद टक्के सूटही असते. मला खरंच ऑफर वाटली असेल तर?

काळा कोट
तर तुमची बाजू भक्कम. पानावर "सवलत" असं लिहिलंय का, जुनी किंमत खोडून दाखवलीय का, तीच वस्तू इतरत्र कितीला आहे, हे बघा आणि स्क्रीनशॉट ठेवा. एक नग मागवलेल्या माणसाकडे कोणी संशयाने बघत नाही. आणि मेल नीट वाचा. "तुमची ऑर्डर मिळाली" आणि "तुमची ऑर्डर स्वीकारली" यात फार अंतर आहे. बरेच विक्रेते अटींमध्ये लिहून ठेवतात की माल रवाना झाला तेव्हाच स्वीकार झाला. देशादेशात फरक आहे, त्यामुळे पुढचं तुमच्या तिथल्या वकिलाला विचारा.

दोराधागा
माझं छोटं काम आहे, विणलेल्या वस्तू विकते. माझ्याकडे आकडा बरोबरच होता, गोंधळ एककाचा झाला. सहा नगांच्या संचाच्या पानावर साइटने "प्रति नग"चा भाव उचलला. एका बाईंनी दहा संच मागवले. मी फोन केला, खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला वाटलंच होतं, पण म्हटलं बघू." मग त्यांनी दोन संच खऱ्या भावाने घेतले, बाकीच्यांचे पैसे मी त्याच दिवशी परत केले. गेटवेने कापलेलं शुल्क मात्र मला परत मिळालं नाही, ते अंगावर आलं. छोट्या विक्रेत्यांनी हा खर्च धरून चालावं.

काळा कोट
तुमच्यासारखाच खटला 1939 मध्ये इंग्लंडात झालाय! सशाची कातडी. बोलणी सगळी नगावर झालेली, लेखी भाव चुकून वजनावर, म्हणजे पौंडामागे गेला. एक पौंड वजनात साधारण तीन कातडी बसतात, म्हणजे भाव तिसऱ्या हिश्शावर आला. घेणारा त्याच व्यापारातला, त्याला हे कळलं नसेल हे कोर्टाला पटलं नाही. विकणारा सुटला.

दोराधागा
बापरे, ससे! मी लोकरच विणते हो, कोणाची कातडी नाही.

टपालखाते
सगळे रद्द करण्याबद्दलच बोलताय. माल निघून गेला असेल तर? आमच्याकडे भाव आपोआप बदलणारं सॉफ्टवेअर आहे. 2014 च्या डिसेंबरात ब्रिटनमध्ये अशाच एका सॉफ्टवेअरमध्ये बिघाड झाला आणि अॅमेझॉनवरच्या कितीतरी विक्रेत्यांचा माल एक पेनीला लागला. ज्यांचा माल अॅमेझॉनच्याच गोदामात होता त्यांचे सगळ्यात जास्त हाल झाले, कारण पॅकिंग त्यांच्या हातात नव्हतं. बऱ्याच ऑर्डरी रद्द झाल्या, पण काही माल निघूनही गेला.

तेव्हापासून माझा नियम: प्रत्येक वस्तूला खालची आणि वरची मर्यादा. त्या पलीकडे सॉफ्टवेअरने जायचं नाही, थांबून मला विचारायचं. वरची का, असं लोक विचारतात. 2011 मध्ये दोन विक्रेत्यांची सॉफ्टवेअरं एकमेकांकडे बघून भाव लावत होती. एक दुसऱ्यापेक्षा किंचित कमी, दुसरं पहिल्याच्या सुमारे सव्वापट. माशीवरच्या एका अभ्यासाच्या पुस्तकाचा भाव दोन कोटी डॉलरच्या वर गेला.

निशाचर
माशीवरचं पुस्तक दोन कोटी 😂 वाचनालयात मिळालं असतं.

मृण्मयी_जो
टपालखाते, निघालेल्या गठ्ठ्याचंच अवघड असतं. वाटेत असलेला माल कुरियरला सांगून परत फिरवायचा प्रयत्न केला, काही फिरला. जो पोचला त्याच्यासाठी ग्राहकांना फोन केले आणि दोन पर्याय दिले: आमच्या खर्चाने परत द्या, किंवा थोडी सवलत घेऊन फरक भरा. काहींनी दिला. काहींनी "नाही" म्हटलं, तिथे आम्ही सोडून दिलं. एकाच नगासाठी भांडण्यात अर्थ नव्हता.

एक गोष्ट साहेबांनाही पटली: ग्राहकाला न विचारता त्याच्या कार्डावरून उरलेला फरक कापायचा नाही. काही जण ते करतात, आणि मग बँकेत तक्रार गेली की कापलेले पैसेही जातात आणि मानही.

अबोली२
आणि घेणाऱ्याने बँकेत तक्रार कधी करायची? माझी ऑर्डर रद्द झाली, पैसे अजून आले नाहीत. पाच दिवस झाले.

मृण्मयी_जो
परत केल्याची मेल आली असेल तर त्यात व्यवहार क्रमांक असतो, तो बँकेला देऊन विचारा. बऱ्याचदा विक्रेत्याने पाठवलेले असतात, बँकेकडे वेळ लागतो. मेल नसेल तर आधी विक्रेत्याला लेखी मुदत द्या. त्यातही आले नाहीत तर तक्रार. घरपोचचे वेगळे पैसे घेतले असतील तर तेही परत आले का ते बघा, हे बऱ्याच वेळा राहतं.

अबोली२
घरपोचचे वेगळे घेतले होते! आत्ताच बघते.

रेवा_के
माझं अजून पूर्ण समाधान नाही. मेलमध्ये "स्वीकारली" आहे, मी एकच घेतलं आणि मला खरंच सेल वाटला, तर विक्रेत्याने द्यायलाच हवं. चूक त्याची.

टपालखाते
विक्रेता म्हणून सांगतो, तिथे मी देतो. एक नग, खरा वाटणारा भाव, तर देऊन मोकळा. चाळीस नग असतील तर नाही.

निशाचर
मृण्मयीताई, मैत्रिणीने चार घेतले का शेवटी?

मृण्मयी_जो
विक्रेत्यालाच मेसेज करून विचारायला लावलं. उत्तर अजून नाही, पण आत्ता बघितलं तर पानावर "साठा नाही" आलंय. बहुतेक त्यांच्याकडेही गठ्ठे करणं चालू झालं असावं.