मदत हवी आहे: रोटरमध्ये ॲल्युमिनियमही नाही आणि चुंबकही नाहीत

ब्लोअर_भोसरी: कारखान्यातील ब्लोअरसाठी ११ किलोवॅटची, चार पोलची एक वापरलेली मोटर विकत घेतली. चालू करताच ती घूं घूं आवाज करत थरथरते, पण फिरत नाही आणि ओव्हरलोड रिले पडतो. उघडून पाहिले, तर रोटरच्या पत्र्यांत कमानीसारख्या फटी आहेत आणि त्या सर्व रिकाम्या आहेत. ॲल्युमिनियम ओतायचे राहिले आहे, की कोणी चुंबक काढून घेतले आहेत? सोमवारी ब्लोअर चालू करायचा आहे.

वाइंडर_चिंचवड: अशा फटींत चुंबक बसवलेल्या मोटरी मी स्वतः भरल्या आहेत. चुंबक काढले गेले असणार.

रोटर_वेडा: वीज कशातून दिली आणि नेमप्लेटवर काय लिहिले आहे, हे आपण सांगितलेले नाही.

ब्लोअर_भोसरी: स्टार-डेल्टा स्टार्टरमधून, जुनी मोटर त्यावरच चालत असे. प्लेटवर ‘सिंक्रोनस रिलक्टन्स’ आणि २४ ॲम्पिअर असे आहे.

सोसायटी_पंप: आमच्या पंपालाही असेच झाले होते, कपॅसिटर बदलताच तो फिरू लागला.

ब्लोअर_भोसरी: ही थ्री-फेज मोटर आहे, हिला कपॅसिटर नाही.

रोटर_वेडा: मोटर सदोष नाही, स्टार्टर चुकीचा आहे. फटींमधील पोलादी पट्ट्यांच्या लांबीतून चुंबकीय प्रवाह सहज जातो, मात्र फटी ओलांडून जाताना त्याला हवेचा अडथळा होतो. त्यामुळे स्टेटरचे क्षेत्र फिरू लागले की रोटर आपली सोपी वाट त्याच्याशी जुळवू पाहतो आणि त्या ओढीतूनच टॉर्क मिळतो. पिंजऱ्यात प्रवाह निर्माण होण्यासाठी रोटर क्षेत्राच्या मागे राहावा लागतो. येथे तो बरोबरीने फिरतो, म्हणून पिंजऱ्याला काम उरत नाही. परंतु स्थिर रोटरसमोरून ५० हर्ट्झचे क्षेत्र धावते, तेव्हा ओढ सेकंदाला १०० वेळा पुढे-मागे होते आणि सरासरी शून्य राहते. आपण ऐकलेली घूं घूं तीच. खात्री करायची असल्यास वीज पूर्ण तोडून दोन टर्मिनलांना एलसीआर मीटर लावा आणि शाफ्ट हाताने सावकाश फिरवा. एका फेऱ्यात इंडक्टन्स चार वेळा चढून उतरेल आणि चुंबक नसल्याने शाफ्ट अडखळणार नाही.

वाइंडर_चिंचवड: चुंबकांबाबत माझा अंदाज चुकला असेल, पण फटींत ॲल्युमिनियम भरून थेट सुरू होणाऱ्या अशा मोटरी आहेत. तसे ओतून घेता येईल.

रोटर_वेडा: आहेत, पण त्यांचा रोटर तसा आखलेला असतो. दोन्ही टोकांना जोडरिंग ओतल्याशिवाय प्रवाहाला पूर्ण वाटच मिळत नाही, आणि आपल्या पत्र्यांच्या फटींच्या कडेचे पूल जेमतेम आहेत. मी ते करणार नाही. ड्राइव्ह घ्या.

ब्लोअर_भोसरी: मीटर लावला, चार वेळा चढउतार दिसला, शाफ्टही मोकळा फिरला. आमच्याकडे २२ ॲम्पिअरचा जुना ड्राइव्ह आहे. चालेल का?

रोटर_वेडा: या मोटरचा पॉवर फॅक्टर इंडक्शनपेक्षा कमी असतो, म्हणून त्याच किलोवॅटला प्रवाह जास्त लागतो. ब्लोअर ९० टक्के वेगाने चालवलात, तर टॉर्क सुमारे ८१ टक्के लागेल आणि प्रवाह बहुधा २२ च्या आत राहील. खरी अडचण वेगळी आहे: ड्राइव्हच्या मेनूमध्ये रिलक्टन्स मोटरचा पर्याय आहे का? नसेल, तर रोटर नेमका कोठे आहे हे त्याला कळणार नाही.

ब्लोअर_भोसरी: मेनूमध्ये इंडक्शन आणि चुंबकाची मोटर असे दोनच पर्याय दिसतात. चुंबकाचा पर्याय लावून पाहिला, तर काय होईल?