मदत हवी आहे: रात्री साकीनाका ते ठाणे, बहिणीने कसं यावं?

आम्ही साताऱ्याचे, धाकटी बहीण मुंबईत साकीनाक्याला जॉबला लागलीय आणि शिफ्ट सुटते रात्री ११ ला, राहते ठाण्यात. आत्ता मेट्रोने घाटकोपर, पुलावरूनच स्टेशनात उतरायचं आणि तिथून लोकल. रात्री लेडीज डब्यात पोलीस असतो म्हणतात पण परवा तिच्या डब्यात कोणीच नव्हतं, दोघी बायका विक्रोळीला उतरल्या आणि ही एकटीच उरली. मी म्हटलं डबा रिकामा होतोय दिसलं की त्यांच्याबरोबरच उतर, माणसं असलेल्या डब्यात चढ, जनरल असला तरी चालेल. बरोबर सांगितलं का? रेल्वे पोलिसांचा १५१२ सेव्ह करून दिलाय. पण खरी भीती ठाणे स्टेशन ते घर रिक्षाची, १२ नंतर भाडं सव्वापट तर होतंच, त्यात रिक्षावाला गल्लीतून शॉर्टकट मारतो. ॲपवरून रिक्षा करून लोकेशन मला पाठव म्हटलं, तर स्टेशनबाहेर म्हणे राईड कॅन्सलच करतात. आई इकडे जागीच असते. साडेनऊनंतर काम असेल तर बायकांना घरी सोडायची सोय कंपनीनेच करायची असते ना, ते एचआरकडे कसं मागायचं? कोणी रोज या रूटने येत असाल तर सांगा प्लीज, की थेट कॅबच बरी?