मदत हवी आहे: रोजच्या बातमीपत्राच्या व्हिडिओला नाव कसं द्यावं?

आमच्या छोट्या शहराचं बातमीपत्र रोज यूट्यूबवर जातं. फाइलच्या नावात तारीख दिवस-महिना-वर्ष अशी असल्याने 01-04-2025 ही फाइल 02-03-2025 च्या आधी येते, म्हणून आता `2025-04-01_batmipatra_ratri.mp4` असं उलटं लिहितो. ते जमलं.

अडलंय ते शीर्षकात. मर्यादा 100 अक्षरांची, आणि मोबाइलवर शेवट कापला जातो. शहर आणि तारीख आधी लिहिली की मुख्य बातमीच दिसत नाही. शेवटी लिहिली तर तारीख जाते. शिवाय शहर आणि तालुक्याचं नाव एकच, त्यामुळे गावाकडची बातमीही शहराचीच वाटते.

रात्रीचं बातमीपत्र बारानंतर अपलोड झालं, तर तारीख चित्रीकरणाची द्यायची की प्रसारणाची? तुम्ही कोणता क्रम ठेवता?