मदत हवी आहे: सोन्याचा स्थानिक भाव जागतिक भावाच्या जवळपास दुप्पट दिसतोय, माझं काय चुकतंय?

तक्तेवाला
एका लेखासाठी आलेख करतोय, उद्या संध्याकाळपर्यंत द्यायचा आहे. एका स्तंभात जागतिक भाव, डॉलर प्रति औंस. दुसऱ्यात स्थानिक भाव, ग्रॅमला. औंसाचे ग्रॅम केले, मध्यवर्ती बँकेच्या दराने डॉलरचं स्थानिक चलन केलं आणि दोन्ही रेषा एकावर एक ठेवल्या. जानेवारीत स्थानिक भाव जवळपास दुप्पट येतोय. सोनं जगात सगळीकडे एकच आहे, मग दुप्पट कसं? तीनदा तपासलं. सूत्रात चूक नाही. कुणी याआधी हे पाहिलंय का?

रेवा_म
देश कोणता, वर्ष कोणतं, आणि स्थानिक भाव किती कॅरेटचा? हे कळल्याशिवाय काहीच सांगता येणार नाही.

सरळमार्गी
आयात शुल्क आणि कर धरलेत का? बहुतेकांचं इथेच चुकतं. जागतिक भावात कर नसतो, दुकानातल्या भावात असतो. वर घडणावळ. तेवढं वजा करा, फरक मिटेल.

तक्तेवाला
@सरळमार्गी, कराने दुप्पट होतं का? घडणावळ या भावात धरलेलीच नाही.
@रेवा_म, इजिप्त, २०२४. कॅरेट म्हणजे सोन्याचा भाव, जो सगळे सांगतात तोच.

रेवा_म
इजिप्तमध्ये "जो सगळे सांगतात तो" भाव २१ कॅरेटचा असतो. जागतिक भाव शुद्ध सोन्याचा. तुम्ही २४ची तुलना २१शी करताय. जानेवारीअखेरचे आकडे इथे टाका.

तक्तेवाला
जागतिक २०३० डॉलर औंस. स्थानिक साधारण ४००० इजिप्शियन पौंड ग्रॅम. अधिकृत दर डॉलरला ३०.९ पौंड. मग २१ कॅरेट धरल्यावर फरक कमी होईल ना?

रेवा_म
नाही, वाढेल. बघा:

```
2030 / 31.1035 = 65.27   (24 कॅरेट, डॉलर प्रति ग्रॅम)
65.27 * 0.875  = 57.11   (21 कॅरेट)
57.11 * 30.9   = 1765    (अधिकृत दराने पौंड)
4000 / 1765    = 2.27
4000 / 57.11   = 70.0
```

दुप्पट नाही, सव्वादोन पट. आता शेवटची ओळ पाहा. तुम्ही डॉलरचा दर गृहीत धरून सोन्याचा भाव काढत होतात. मी उलटं केलं, सोन्याच्या भावावरून डॉलर काढला. तो ७० पौंड आला, आणि त्या आठवड्यांत कैरोत बँकेबाहेर डॉलर साधारण तेवढ्यालाच मिळत होता. तुमचं सूत्र बरोबर आहे. त्यात घातलेला ३०.९ हा दर मात्र असा आहे, ज्याने सोनं आणणाऱ्याला कुणी डॉलर देत नव्हतं.

सरळमार्गी
पण अधिकृत दर म्हणजे सरकारचा दर. आयात कागदोपत्री त्यानेच होणार ना? दुकानदार ३०.९ने आणून ७०च्या हिशेबाने विकत असेल तर ती सरळ नफेखोरी झाली.

रेवा_म
आणता आलं असतं तर झाली असती. ज्याला ३०.९ने डॉलर मिळतो तो ५७ डॉलरचं सोनं १७६५ पौंडांत आणून ४०००ला विकेल. एवढी कमाई समोर दिसत असेल तर बँकेच्या दारात रांग लागेल. म्हणूनच तर डॉलरचं रेशनिंग होतं. हातात असलेला डॉलर आधी गहू, औषधं, इंधन यांच्याकडे जातो, सोन्याची पाळी येतच नाही. आज एक ग्रॅम विकणाऱ्या सोनाराला उद्या तोच ग्रॅम परत भरायचा असतो. त्यासाठीचा डॉलर ७०लाच मिळत असेल, तर ४०००च्या खाली विकून तो साठा गमावेल. हा त्याचा पुनर्भरणाचा खर्च आहे, नफा त्यातला थोडाच भाग असतो.

कराचा मुद्दा खोटा नाही, पण इजिप्तमध्ये त्याची परीक्षा आपोआप झाली. मे २०२३मध्ये सरकारने बाहेरून येणाऱ्या प्रवाशांनी सोबत आणलेल्या सोन्यावरचं सीमाशुल्क माफ केलं. पुढे सवलतीला मुदतवाढही मिळाली. फरक शुल्काचा असता तर तो आटोक्यात यायला हवा होता. जानेवारी २०२४पर्यंत तो उलट वाढला.

वाळूघड्याळ
मी त्या काळात तिथे एका बांधकाम प्रकल्पावर होतो, म्हणून लिहितो. पगाराचा एक भाग पौंडांत मिळायचा. तो डॉलरमध्ये बदलून घरी पाठवायला बँकेत गेलो की "सध्या उपलब्ध नाही" हेच उत्तर. रस्त्यावर डॉलर घेणं गुन्हा, पकडलं तर तुरुंग. आमच्यातल्या कित्येकांनी सरळ सोनं घ्यायला सुरुवात केली, कारण सोनाराकडे जाऊन पावती घेऊन सोनं विकत घेणं पूर्ण कायदेशीर होतं. दागिना नको होता, कुणाला नटायचं नव्हतं. आम्हाला डॉलर हवा होता आणि तो सोन्याच्या रूपात मिळत होता. सोनारांच्या बाजारात "साग़ाचा डॉलर" असा शब्दच रूढ होता. साग़ा म्हणजे सोनारआळी. रेवाताईंनी शेवटच्या ओळीत काढला तोच आकडा. तिथले लोक तो रोज काढायचे.

जानेवारीच्या शेवटी काही दुकानांनी विक्रीच थांबवली होती. भाव फळ्यावर लिहिलेला असायचा, पण त्या भावाने माल मिळायचा नाही. तक्तेवाला, तुमच्या आकड्यांत हे दिसणार नाही.

मीनल_के
म्हणजे जिथे अशी बंधनं आहेत तिथे बाहेरून सोनं नेऊन विकलं तर फायदा आहे का? माझे दीर परदेशी असतात, ते नेहमी विचारतात. किती ग्रॅम नेता येतं?

रेवा_म
मीनल, धाग्याचा प्रश्न तो नाही, पण उत्तर इथेच लपलंय म्हणून सांगते. डॉलरला ७० पौंड या दराने विकून हातात पौंड येतात. ते परत डॉलरमध्ये करायला ७०च लागतात, मग उरलं काय? फायदा त्यालाच, ज्याला पौंडच हवे आहेत. उदाहरणार्थ आखातात काम करणारा इजिप्शियन, ज्याला घरी पैसे द्यायचे आहेत. त्याने बँकेतून पाठवले तर घरच्यांना डॉलरमागे ३०.९ पौंड मिळणार. सोनं आणलं तर ७०च्या जवळपास. म्हणून शुल्कमाफीनंतर प्रवाशांच्या हातातलं सोनं हा पैसे पाठवायचाच एक मार्ग झाला. या लोकांमुळे स्थानिक भाव बँकेबाहेरच्या समांतर डॉलरच्या फार वर टिकत नाही, कारण वर गेला की आणखी सोनं येतं.

काठावरचा
सगळं खापर विनिमय दरावर फोडू नका. व्हिएतनाम पाहा. तिथे डॉलरचे दोन दर फार लांब नव्हते, तरी एसजेसी छापाच्या लगडी २०२४च्या सुरुवातीला जागतिक भावापेक्षा खूप महाग होत्या. कारण २०१२च्या हुकुमाने लगडी पाडण्याची मक्तेदारी राज्याकडे गेली आणि नव्या लगडी बाजारात येईनात. चीनमध्येही सप्टेंबर २०२३मध्ये शांघायचा भाव औंसाला शंभर डॉलरहून जास्त वर गेला होता. तिथेही प्रश्न आयातीच्या कोट्याचा होता.

रेवा_म
मान्य, आणि हा भेद करायलाच हवा. ओळखायचं कसं, तर देशातल्या देशात दोन वस्तूंचे भाव बघायचे. व्हिएतनाममध्ये एसजेसी लगड आणि साधी सोन्याची अंगठी यांच्यातच मोठी दरी होती. दोन्हींमागचा डॉलर एकच, म्हणजे दोष डॉलरचा नाही, त्या विशिष्ट लगडीच्या टंचाईचा. इजिप्तमध्ये १८, २१, २४ कॅरेट सगळेच शुद्धतेच्या प्रमाणात चढले होते. तिथे दोष डॉलरचा. चीनचा फरकही मोजून बघा. दोन हजारांवर शंभर म्हणजे पाच-सहा टक्के. कोट्याने एवढा होतो. सव्वादोन पट व्हायला दोन दरच लागतात.

काठावरचा
हे बरोबर. पण मग दोन दर असले की सोनं नेहमी महागच, असंही नाही. इथिओपियात उलटी अडचण होती. खाणीतलं सोनं राष्ट्रीय बँकेला अधिकृत दराने द्यायचं म्हटलं, तर समांतर दराच्या हिशेबाने ते फारच स्वस्तात जातं, आणि माल सीमेपलीकडे चोरून जातो. शेवटी तिथल्या बँकेला जागतिक भावाच्या वर अधिमूल्य देऊन सोनं विकत घ्यावं लागलं.

तक्तेवाला
सगळ्यांचे आभार, खूप उलगडलं. पण आता दुसरा घोळ. मार्चच्या मध्यात जागतिक भाव २१५०च्या वर, म्हणजे विक्रमी. आणि माझ्या स्तंभात इजिप्तचा भाव तीन हजारांच्या थोडाच वर. जग चढतंय आणि हा पाव भागाने खाली? हे तरी आकड्यांचं चुकलंय ना?

वाळूघड्याळ
नाही, ते अगदी तसंच झालं. २३ फेब्रुवारीला रास अल-हिकमा या किनारपट्टीच्या विकासाचा अमिरातीशी ३५ अब्ज डॉलरचा करार जाहीर झाला आणि रस्त्यावरचा डॉलर दिवसागणिक उतरू लागला. ६ मार्चला मध्यवर्ती बँकेने पौंड मोकळा सोडला, अधिकृत दर ३०.९वरून ५०च्या घरात गेला. ज्यांनी ४०००ला घेतलं होतं त्यांचे चेहरे मी पाहिलेत. माझ्या एका सहकाऱ्याने वर्षभराची बचत जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात घातली होती. जगात सोनं चढत होतं आणि त्याचं उतरत होतं.

रेवा_म
तुमच्याच पद्धतीने तपासा. २१५० चे २१ कॅरेटचे ६०.५ डॉलर ग्रॅम. तीन हजारांच्या थोडं वर भागिले ६०.५, उत्तर ५० ते ५१. अधिकृत दरही आता त्याच्या जवळपास. दोन दर एक झाले आणि दरी मिटली. याच कारणाने आलेखात तिसरी रेषा काढा: सोन्यातून निघणारा डॉलर. जानेवारीत ती अधिकृत रेषेपासून लांब दिसेल, मार्चमध्ये येऊन चिकटेल. लेखाला हीच लागेल.

सरळमार्गी
एक शंका राहते. जानेवारीतला ७० हा खरंच रस्त्यावरचा दर, की घाबरून सोनं घेणाऱ्यांमुळे चढलेला? वाळूघड्याळ म्हणतात दुकानं विकतच नव्हती. मग तो आकडा कशाचा?

रेवा_म
हा प्रश्न चांगला आहे आणि मला तो पूर्ण सुटलेला नाही. समांतर दराची कुठे नोंद नसते, जो तो सांगतो तो आकडा. आणि डॉलर विकणारेही सोन्याकडे बघूनच आपला दर ठरवत होते. म्हणजे सोनं डॉलरकडे बघतंय आणि डॉलर सोन्याकडे. शेवटच्या आठवड्यात भीतीचा भाग होताच, पण तो पाच पौंडांचा की दहाचा, हे वेगळं काढायला मला दुसरं माप सापडलेलं नाही.

काठावरचा
कैरो आणि लंडन दोन्हीकडे नोंदल्या गेलेल्या कंपनीच्या शेअरचे दोन भाव घेऊन भागाकार करता येतो. तिथल्या कमर्शियल इंटरनॅशनल बँकेच्या शेअरवरून निघणारा दर तेव्हा चर्चेत असायचा. तक्तेवाला, तो स्तंभ घातलात तर सोन्यातली भीती कदाचित वेगळी दिसेल. पण तिथेही शेअर इकडून तिकडे हलवायला किती मोकळीक होती, ते आधी बघावं लागेल.

तक्तेवाला
शेअरचे आकडे आत्ता शोधतोय. मिळाले तर रात्री इथेच टाकतो.