मदत हवी आहे: फोटोतल्या आकृतीवरून EC किती? आमचं उत्तर 10.29, उत्तरसूचीत 8

दहावीची_आई
नमस्कार मंडळी. आम्ही कांदिवलीला राहतो, लेक दहावीत आहे, मराठी माध्यम. तापामुळे दोन दिवस क्लास बुडाला म्हणून मैत्रिणीने सरावाच्या झेरॉक्सचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. समरूपतेच्या धड्यावरचं गणित आहे आणि काल रात्रीपासून आम्ही दोघी त्यात अडकलो आहोत.

फोटो जोडला आहे, पण अंधुक आहे म्हणून शब्दांतही लिहिते. ∆ABC आहे, AB वर D आणि AC वर E, मग DE जोडली आहे. AD जवळ 7 लिहिलंय, AE जवळ 6, DE वर 8. डाव्या बाजूला, AB च्या बाहेर, 12 आहे. फोटोची कड नेमकी तिथेच कापली गेली आहे. खाली वाक्य: ‘सारख्या खुणेने दाखवलेले कोन समान आहेत. EC आणि BC काढा.’ एक खूण B पाशी आहे, दुसरी D पाशी.

आम्ही असं केलं: D आणि B चे कोन समान म्हणजे संगत कोन समान, म्हणून DE समांतर BC (दिसतेही समांतरच). मग प्रमाणाचं मूलभूत प्रमेय, 7/12 = 6/EC, म्हणून EC = 72/7, साधारण 10.29. उत्तरसूचीत मात्र EC = 8, BC = 16. कुठे चुकतंय?

लोकलमधला_अभियंता
ताई, 12 हा DB नाही. नीट बघा, आकडा रेघेपासून लांब आहे आणि AB च्या साधारण मधोमध आहे. DB चा असता तर D च्या खाली, रेघेला चिकटून आला असता, जसे 7 आणि 6 आहेत. लांब लिहिलेल्या आकड्याला बहुतेक वेळा दोन्हीकडे बाण असतात, तुमच्या फोटोत ते कापले गेले असणार. म्हणजे AB = 12, DB = 5. आता 7/5 = 6/EC, EC = 30/7 = 4.29.

8 येत नाहीच. उत्तरसूची चुकीची आहे. झेरॉक्सवाल्या सरावसंचांत हे नेहमीचं, सोडून द्या आणि पुढचं गणित घ्या.

ठाण्याचा_बाबा
आमच्याकडेही फोटोचा असाच घोळ झाला होता. मुलाने 30° चं चिन्ह शून्य समजून 300 वाचलं आणि अर्धा तास ‘कोन 180 पेक्षा मोठा कसा?’ म्हणून डोकं खाल्लं. तुमचा 12 नक्की 12 च आहे ना? 1.2 असेल.

दहावीची_आई
12 च आहे हो, टिंब नाही. 1.2 असता तर AD च 7 आहे, AB त्याहून लहान कशी होईल?

अभियंता दादा, 12 चं पटलं, लेक म्हणते ‘बघ, मी म्हटलं होतं’. पण 4.29 ही सूचीशी जुळत नाही. दोन्ही उत्तरं पूर्णांक आहेत, 8 आणि 16. इतकी नीटनेटकी उत्तरं चुकून छापली जातील का?

निवृत्त_मास्तर
ताई, सूचीला नावं ठेवण्याआधी एक काम करा. कोनाची खूण D पाशी आहे असं तुम्ही लिहिलंत. मी फोटो मोठा करून पाहतोय, मला ती D ची वाटत नाही. पण व्हॉट्सअ‍ॅपने फोटो दाबलाय, त्यामुळे पैजेवर सांगणार नाही.

लेकीच्या मैत्रिणीला सांगा, कागद टेबलावर सपाट ठेवून बरोबर वरून फोटो काढ, चारही कडा येऊ देत, आणि फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव. मग खुणेच्या कमानीची दोन टोकं कुठल्या दोन रेघांना टेकतात एवढंच पाहा. त्या दोन रेघा जिथे मिळतात तो कोनाचा शिरोबिंदू. कमान कोणत्या अक्षराजवळ आहे यावर जाऊ नका. छोट्या आकृतीत अक्षरं जागा मिळेल तिथे टाकलेली असतात.

दहावीची_आई
सर, नवा फोटो आला. तुमचं बरोबर होतं! कमानीचं एक टोक EA वर आहे आणि दुसरं ED वर. म्हणजे कोन E पाशी आहे, ∠AED. कमान जरा मोठी काढल्यामुळे आणि D हे अक्षर आत ढकलल्यामुळे आम्हाला ती D ची वाटली. आणि डाव्या कडेला बाणही दिसतोय, एक टोक A समोर, दुसरं B समोर. A पाशी एक अस्पष्ट ठिपका आहे, तो खूण की शाई ते कळत नाही.

लोकलमधला_अभियंता
अच्छा, मग समांतर नाही, समरूप त्रिकोण वापरायचे. ∠A सामाईक, दुसरा कोन दिलेला, कोको कसोटीने ∆ADE ~ ∆ABC. म्हणून AD/AB = AE/AC, 7/12 = 6/AC, AC = 72/7 = 10.29, त्यातून 6 वजा केले की EC = 4.29.

परत तेच आलं. बघा, दोन वेगळ्या रीतींनी एकच उत्तर. आता तरी माना की सूची चुकली.

निवृत्त_मास्तर
अभियंता, रीती दोन नाहीत, एकच आहे. त्रिकोण समरूप आहेत हे बरोबर ओळखलंत, पण नावं सवयीने लिहिलीत. A समोर A ठीक. E चा कोन B च्या कोनाइतका दिलाय, म्हणजे E ची जोडी B शी. उरलेल्या D ची C शी. मग लिहायचं ∆AED ~ ∆ABC. तुम्ही ∆ADE लिहिलंत, म्हणजे D ला B शी जोडलंत. D आणि B चे कोन समान म्हणजे DE समांतर BC. खूण बरोबर वाचून मागच्या दाराने समांतर पुन्हा आत घेतलीत, मग उत्तर तेच येणार.

आता क्रमाने: AE/AB = AD/AC = ED/BC. पहिलं गुणोत्तर 6/12, म्हणजे अर्धं. मग 7/AC अर्धं, AC = 14, EC = 14 − 6 = 8. आणि 8/BC अर्धं, BC = 16. सूची बरोबर आहे.

शाळेत तीस वर्षं मी हेच पाहिलं. मुलं कसोटी बरोबर लिहितात आणि अक्षरांचा क्रम आकृतीत डावीकडून उजवीकडे वाचत घेतात. त्यात आकड्यांकडून इशारा मिळत नाही. 4.29 घेऊन BC काढली तर 13.71 येईल आणि सगळी गुणोत्तरं एकमेकांशी जुळतील. म्हणून इथे ताळा करून काही कळत नाही. समांतर आहे की नाही हे ती एक कमानच सांगते.

चाळीतला_चौकोन
सरांचं मान्य. एक जोड: E चा बाहेरचा कोन B इतका आला की DBCE चक्रीय चौकोन होतो. म्हणजे A मधून निघणाऱ्या दोन रेघा एकाच वर्तुळाला छेदतात, आणि वर्तुळाच्या धड्यातलं बाह्यछेदनाचं प्रमेय लागतं: AD × AB = AE × AC. 7 × 12 = 84, 84 ÷ 6 = 14. एका ओळीत. परीक्षेत मात्र आधी चौकोन चक्रीय का ते लिहावं लागेल.

दहावीची_आई
सर, कळलं. पण एक शंका राहतेच. DE इतकी समांतर का दिसते? लेकीने मोबाईलच्या स्क्रीनवरच कोनमापक लावला, D आणि B चे कोन जवळजवळ सारखे आले.

लोकलमधला_अभियंता
क्रमाची चूक माझी, मान्य. पण आकृती तरी चुकीची छापली आहे. समांतर नसेल तर तसं दिसायला नको?

निवृत्त_मास्तर
स्क्रीनवर कोनमापक लावू नये. कॅमेरा जरा तिरका असला की कागदावरचे कोन फोटोत बदलतात, आणि समांतर रेघा एकीकडे जवळ येतात किंवा उलट, तिरक्या असलेल्या समांतर भासतात. कागद सपाट असेल तर सरळ रेघ सरळ राहते, आणि A, D, B हा क्रम, कुठली रेघ कुठे मिळते, हे टिकतं. फोटोतून तेवढंच घ्यावं.

या आकृतीत खरा फरक लहान आहे. बाजू 12, 14, 16 असतील तर B चा कोन साधारण 58 अंश आणि C चा 47. DE ही BC शी फक्त 11 अंशांनी तिरकी. इतका कल तिरक्या फोटोत सहज लपतो. छापताना किती काळजी घेतली होती ते मूळ कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

लेकीला कंपास काढायला सांगा, आकडे सेंटिमीटरमध्ये वहीच्या पानावर मावतात. AB 12 सेमी, त्यावर A पासून 7 वर D. A केंद्र धरून 6 चा कंस, D केंद्र धरून 8 चा कंस, छेदतात तिथे E. A पासून E मधून रेघ लांब वाढवायची. मग ∠AED इतका कोन B पाशी, E च्याच बाजूला काढायचा, त्याची भुजा वाढवलेल्या रेघेला कापेल तिथे C. EC मोजायची. मग मुद्दाम ∠ADE इतका कोन B पाशी काढून पाहा, तुमचं 4.3 तिथे सापडेल. आणि कमान E च्या खालच्या बाजूची, म्हणजे ∠DEC, समजली तर? तो कोन B पाशी काढला की भुजा AE च्या रेघेला मिळणारच नाही. त्रिकोणच होत नाही, म्हणून ते वाचन आपोआप बाद.

दहावीची_आई
आत्ताच काढलं. EC 7.9 सेमी आली, पेन्सिलीला टोक नव्हतं म्हणते. दुसऱ्या रीतीत 4.2. तिसऱ्या रीतीत भुजा पानाबाहेर गेली तरी रेघा भेटेनात, ते तिला फार गंमतीचं वाटलं.

A पाशी जो ठिपका होता तो एका कमानीसारखा असेल तर ∠A पण खुणेत धरायचा का? तीन कोन समान होतील मग.

चाळीतला_चौकोन
तसं झालं तर ∠A आणि ∠B समान, म्हणजे AC आणि BC समान व्हायला हव्यात. 14 आणि 16 नाहीत. बहुतेक शाईच. पण झेरॉक्सवर की फोटोत, ते मैत्रिणीलाच विचारा.

दहावीची_आई
ती उद्या शाळेत कागद आणणार आहे. पाहून सांगते.