मदत हवी आहे: मांडीवर केसाभोवती लाल पुळ्या, मलम थांबवलं की परत येतात

सायली_ठ
तीन आठवडे झाले. दोन्ही मांड्यांच्या पुढच्या बाजूला वीसेक लाल पुळ्या आहेत, प्रत्येकीच्या मधोमध एक केस. चार-पाचांना पांढरं टोक आलंय. दाबलं की दुखतं, खाज कमी. जिमला घट्ट लेगिंग घालते आणि तीच ओली लेगिंग घालून लोकलने घरी येते, म्हणजे दीड तास तरी. केमिस्टने एक ट्यूब दिली. दोन दिवसांत लाली गेली, पण आठ दिवसांनी लावणं थांबवल्यावर आधीपेक्षा जास्त आल्या. घरी काय करता येईल?

नंदाताई
हा केसतोडा आहे. घट्ट कपडे बंद करा, सैल सुती घाला. रात्री खोबरेल तेलात कडुनिंबाचं तेल मिसळून लावा आणि आंघोळीला घासणीने खसखसून घासा, म्हणजे छिद्रं मोकळी होतील.

रोहन७
माझ्याही मांड्या चालताना एकमेकींवर घासून लाल होतात. व्हॅसलीन लावून बाहेर पडा, लगेच फरक पडतो.

औषधपेटी
सायली, ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचून सांगा. क्लोबेटासोल, बेक्लोमेथासोन असं काही आहे का?

नंदाताईंचं कपड्यांबद्दलचं अगदी बरोबर. तेल आणि घासणी मात्र नको. घट्ट कापड आणि घामाने केसांची मुळं सोलवटलेली असतात, तिथूनच जंतू आत शिरतात. घासणीने आणखी सोलवटतं, आणि तेलाच्या थराने आधीच चोंदलेली छिद्रं पुरती बुजतात. रोहन, तुमचा त्रास मांडीच्या आतल्या बाजूला कातडी घासण्याचा आहे, तिथे व्हॅसलीन ठीक. केसाच्या मुळाशी पू असेल तर ते लावू नये.

सायली_ठ
क्लोबेटासोल, निओमायसिन, मायकोनाझोल. तिन्ही आहेत. आणि शनिवारी वॅक्सिंगची वेळ घेतलीय.

औषधपेटी
म्हणजे खरी गोम त्या ट्यूबमध्येच आहे. क्लोबेटासोल हे फार जोरकस स्टेरॉइड. ते सूज दाबतं, म्हणून दोन दिवसांत बरं वाटतं. पण त्वचेची जंतूंशी लढण्याची ताकदही त्यानेच कमी होते, म्हणून थांबवल्यावर पुळ्या उसळतात. आठच दिवस लावलंय, तर आता पूर्ण बंद करा. काही दिवस लाली वाढल्यासारखी वाटेल, तरी पुन्हा त्याच ट्यूबकडे वळू नका.

वॅक्सिंग रद्द करा. पुळ्या पूर्ण बसेपर्यंत रेझरही नको.

बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के जेल आणा. आंघोळीत ओल्या मांडीवर पातळ थर द्या, दोन-तीन मिनिटं ठेवा आणि भरपूर पाण्याने धुऊन टाका. पहिला आठवडा एक दिवसाआड, कोरडेपणा नसेल तर रोज. जांघेच्या घडीत आणि नाजूक जागी लावायचं नाही. पुसायला पांढरा पंचा घ्या, रंगीत टॉवेलचा रंग उडतो. जळजळ फार झाली तर दोन दिवस थांबा. जास्त टक्क्यांचं आणून लवकर गुण येत नाही, कातडी तेवढी सोलते.

पांढऱ्या टोकांच्या पुळ्या कोमट पाण्यात पिळलेल्या स्वच्छ फडक्याने दिवसातून तीनदा, दहा-दहा मिनिटं शेका. फडकं दर वेळी धुतलेलं हवं. फोडायच्या नाहीत, फोडल्या की पू आजूबाजूच्या केसांच्या मुळाशी पसरतो. आणि जिममधून निघताना लेगिंग बदलाच. एवढी एक गोष्ट राहिली तर बाकी सगळं पाण्यात.

मकरंद_को
तशाच पुळ्या माझ्या छातीवर आणि पाठीवर आहेत. सगळ्या एकाच आकाराच्या आणि खाज भयंकर. हेच लावू का?

औषधपेटी
तशी खाज आणि ती जागा पाहता यीस्टचा संशय घ्यावा लागतो. त्यावर जंतूंची अँटिबायोटिक घेतली तर उलट वाढतं. त्वचेच्या डॉक्टरांना एकदा दाखवा.

सायली_ठ
दहा दिवस झाले. पुढच्या बाजूच्या पुळ्या सुकल्या, तपकिरी डाग राहिलेत. पण मांडीच्या आतल्या बाजूला, जिथे ती ट्यूब लावत होते तिथेच, एक गोल चट्टा आलाय. कडा उठावदार, मधला भाग त्या मानाने साफ, आणि खाज खूप.

नंदाताई
हे तर गजकर्ण दिसतंय.

औषधपेटी
मलाही तेच वाटतं. बुरशी आधीपासून असेल आणि स्टेरॉइडने झाकली असेल, किंवा स्टेरॉइडमुळेच फोफावली असेल, इथून सांगता येणार नाही. त्यावर बेन्झॉइल पेरॉक्साइड लावू नका आणि केमिस्टकडून दुसरं मलमही आणू नका. डॉक्टर कडेची त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, पण आधी काही लावलेलं असेल तर बुरशी दिसायची राहू शकते. जाताना ती जुनी ट्यूब सोबत न्या. मधेच एखादी पुळी गळवासारखी मोठी झाली, लाली पसरू लागली किंवा ताप आला तर त्याच दिवशी जा. डाग जायला काही महिने लागतात, त्यावर आत्ता काही लावू नका.

सायली_ठ
उद्या संध्याकाळची वेळ मिळालीय. घरात टॉवेल एकच वापरतो, तो वेगळा करायचा का?

औषधपेटी
हो, आजपासूनच. कपडेही वेगळे धुऊन कडक उन्हात वाळवा.