मदत हवी आहे: कुकरचे रिव्ह्यू खरे की पैसे देऊन लिहवून घेतलेले?

मीनल_के: आईसाठी ५ लिटरचा स्टीलचा कुकर ऑनलाइन बघतेय. कंपनीचं नाव कधी ऐकलेलं नाही, पण ४.४ स्टार आणि अडीच हजारांवर रेटिंग. बरेच रिव्ह्यू "मस्त प्रॉडक्ट, पैसा वसूल" एवढेच. एक मात्र असा: "झाकण घट्ट बसतं, दप्तरात आडवी पडली तरी वह्या भिजत नाहीत." दप्तरात कुकर कोण नेतं? शिवाय ऑक्टोबरच्या चार दिवसांत पाच स्टारचा नुसता पाऊस. खरं किती, कसं ओळखायचं?

सावंतवाडीकर: नावाखाली Verified Purchase आहे ना? मग झालं. माल घेतलेल्यानेच लिहिलंय.

जुना_सेलर: माल घेतला हे खरं, पण पैसे कोणाच्या खिशातून गेले ते त्यावरून कळत नाही. टेलिग्रामवर यासाठी ग्रुप चालतात. ऑर्डर करा, पाच स्टार द्या, स्क्रीनशॉट पाठवा, पैसे यूपीआयने परत. ऑर्डर खरी असते, त्यामुळे तो शिक्का मिळतोच.

मीनलताई, दप्तरवाला रिव्ह्यू बहुतेक खरा आहे, फक्त पाण्याच्या बाटलीचा आहे. चांगले स्टार असलेल्या जुन्या लिस्टिंगचं नाव-फोटो बदलून तिथे दुसराच माल चढवतात, किंवा वेगळा साइज म्हणून त्याला जोडतात. स्टार तसेच राहतात. Most recent लावून मागे मागे वाचत जा. शिट्टी, रबर, डाळ हे शब्द जिथे संपतात तिथे कुकर संपला. ग्राहकांचे फोटोही बघा.

अन्नपूर्णा५६: स्टीलच्या कुकरमध्ये डाळ तळाला लागते हो. ॲल्युमिनियमचाच घ्या.

मीनल_के: काकू, कुठला घ्यावा हा प्रश्न नाहीये 🙂

सेलरदादा, बघितलं. ऑगस्टच्या आधी सगळी बाटलीच! कुकरचे लेखी रिव्ह्यू जेमतेम चाळीस, त्यातले सत्तावीस त्या चार दिवसांतले. उरलेल्या तेरापैकी सात जणांची तक्रार एकच: झाकणाच्या कडेने वाफ जाते, शिट्टीच होत नाही. ते सत्तावीस विकतचेच ना?

जुना_सेलर: छातीठोक नाही सांगता येणार. दिवाळी सेलमध्ये खरे रिव्ह्यूही एकदम येतात. त्यातल्या काहींची प्रोफाइल उघडा. अनोळखी कंपन्यांचे इयरफोन, सिरम, बेल्ट, सगळ्यालाच पाच स्टार दिसले तर संशय धरा. पण मी त्या सात जणांवरच निर्णय घेतला असता.

राहुल_नगर: माझ्या मिक्सरच्या खोक्यात कार्ड होतं, पाच स्टार द्या नि १०० रुपये मिळवा. दिले, मिळाले. मिक्सर खरंच चांगला आहे. मग माझा रिव्ह्यू खोटा का?

जुना_सेलर: मिक्सर बिघडला असता तर त्या कार्डावर एक स्टारचे १०० मिळाले असते का?

राहुल_नगर: तसं नाही, पण लिहिलं ते खरंच आहे की.

सावंतवाडीकर: ते चालू द्या. मीनलताई, घरगुती कुकरला आयएसआय सक्तीचं आहे. चिन्हाजवळचा CM/L नंबर BIS Care ॲपमध्ये टाका, परवाना कोणाचा ते दिसतं.

मीनल_के: फोटोत चिन्ह आहे, नंबर वाचता येत नाही. विक्रेत्याला विचारलंय.